इन्सुलिनची बाटली उघडली की आधी तारीख टाका (नवीन सुरू झालेल्यांसाठी)

आईला इन्सुलिन सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी सुई कशी टोचायची, युनिट कसे मोजायचे, जागा कशी बदलत राहायची हे सगळं नीट शिकवलं, पण उघडलेली बाटली किती दिवस वापरायची हे ना त्यांनी सांगितलं ना आम्ही विचारलं. बाटलीवर एक्सपायरी छापलेली असते, ती दोन वर्षं पुढची होती, म्हणजे तोवर चालणार असं आम्ही धरून चाललो, आणि माझ्या ओळखीत दहातले आठ जण असंच धरून चालतात.

ती छापलेली एक्सपायरी फक्त न उघडलेल्या आणि कायम फ्रिजमध्ये, २ ते ८ डिग्रीत ठेवलेल्या बाटलीची असते. रबरी बुचातून पहिली सुई आत गेली की ती तारीख विसरायची आणि दुसरी मोजणी सुरू करायची, बहुतेक इन्सुलिनला २८ दिवसांची. ही दुसरी तारीख कंपनी छापू शकत नाही, कारण तुम्ही बाटली कधी उघडणार हे तिला माहीत नसतं. ती तुम्हालाच लिहावी लागते, नाहीतर काय होतं ते आमच्याच घरातलं सांगतो.

आमच्याकडे काय झालं

आई अकोल्याला, मी पुण्याला. तिला मिक्स इन्सुलिन, म्हणजे ते ३०/७० वालं दुधाळ, १० मिलीची बाटली आणि ४० युनिटची लाल टोपीची सिरिंज. डोस अगदी कमी, सकाळी ५ आणि रात्री ४, मिळून दिवसाला ९ युनिट. आता बाटलीत १० मिली आणि दर मिलीला ४० युनिट, म्हणजे ४०० युनिट. ९ ने भागा, बाटली ४४ दिवस पुरते. तेव्हा हे चांगलंच वाटलं होतं, एका बाटलीत दीड महिना निघतो म्हणून.

बाटली उघडली २ एप्रिलला. कोणीतरी सांगितलं की उघडलेली बाटली बाहेर चालते, थंड इन्सुलिन टोचलं की दुखतं, म्हणून आईने ती फ्रिजवर एका डब्यात ठेवली. आत नाही, वर. एप्रिल संपता संपता सकाळची उपाशीपोटीची साखर, जी १२०-१३० च्या आसपास असायची, ती १७०, मग १९०, मग २१० अशी चढत गेली. आईने गोड खाल्लं असणार असं आम्ही गृहीत धरलं, आंब्याचे दिवस होते, फोनवर दोन-तीनदा तिला बोललोही (ते आठवलं की अजून वाईट वाटतं). ८ मे ला डॉक्टरांना आकडे दाखवले, त्यांनी डोस वाढवून सकाळी ७ आणि रात्री ५ केला. त्यांचं काही चुकलं नाही, साखर वाढत असेल तर डोस वाढवणारच, बाटली किती दिवसांची आहे हे आम्हीच सांगितलं नव्हतं.

१३ तारखेला बाटली संपली. १४ ला आईने फ्रिजमधली नवीन बाटली काढली आणि तोच वाढवलेला डोस घेतला. १६ तारखेला रात्री अकरा वाजता तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, साखर बघितली तर ५८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितली, मग वर आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, जुनी बाटली कधी उघडली होती? कोणालाच सांगता येईना. शेवटी मेडिकलच्या बिलावरून आणि आईच्या साखरेच्या वहीवरून जुळवून २ एप्रिल काढली. म्हणजे ३० एप्रिलला जी टाकायला हवी होती ती बाटली आम्ही अजून तेरा-चौदा दिवस चालवली, तीही अकोल्याच्या उन्हाळ्यात फ्रिजच्या डोक्यावर. डॉक्टर म्हणाले की शंभर टक्के हेच कारण असं म्हणता येणार नाही, पण हिशोब जुळतो: जुनं इन्सुलिन अशक्त झालं, त्याच्या मानाने डोस वाढला, आणि मग ताजं, पूर्ण ताकदीचं इन्सुलिन त्याच वाढलेल्या डोसने आत गेलं. शिळी बाटली म्हणजे फक्त साखर वाढणार एवढंच लोकांना वाटतं, पण खरा झटका नवीन बाटली उघडल्यावर बसतो.

आणि हो, ती जुनी बाटली शेवटपर्यंत दिसायला एकदम व्यवस्थित होती.

पायरी १: आपल्या इन्सुलिनचे दिवस किती ते शोधा

खोक्यात घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो, तो बहुतेक लोक खोक्याबरोबर फेकतात. फेकू नका. त्यात उघडल्यानंतर किती दिवस आणि किती तापमानाखाली, हे दोन आकडे असतात, तेवढेच शोधायचे. मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचा.

साधारण असं दिसेल: ग्लार्जिन (साधं, १०० युनिटवालं), लिस्प्रो, अॅस्पार्ट हे २८ दिवस. डेग्लुडेकला ५६ दिवस. साध्या ह्युमन इन्सुलिनला कंपनीप्रमाणे कुठे चार आठवडे, कुठे सहा. आणि एक फसवी गोष्ट, काही मिक्स आणि दुधाळ इन्सुलिनच्या पेनना मुदत याहून बरीच कमी असते, काही ठिकाणी १० किंवा १४ दिवसच, त्याच इन्सुलिनची बाटली मात्र महिनाभर चालते. म्हणून शेजारच्या काकूंच्या पेनचे दिवस आपल्या पेनला लावू नका. कागद हरवला असेल तर मेडिकलवाल्याकडून दुसऱ्या खोक्यातला बघून घ्या. काहीच सापडलं नाही तर २८ धरा, आणि मिक्सचं पेन असेल तर विचारल्याशिवाय २८ सुद्धा धरू नका.

हे दिवस येतात कुठून? इन्सुलिनमध्ये मेटाक्रेसॉल किंवा फिनॉल नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं, बाटली उघडल्यावर जो एक औषधी वास येतो ना तो त्याचाच. रोज बुचातून सुई आत जाते, तिच्याबरोबर जंतू गेले तर त्यांना रोखायचं काम ते करतं. दुसरीकडे इन्सुलिन स्वतः प्रोटीन आहे, उष्णतेने आणि हलवाहलवीने त्याचे रेणू उलगडून एकमेकांना चिकटत जातात, आणि चिकटलेलं इन्सुलिन काम करत नाही. २८ व्या दिवशी रात्री बारा वाजता ते पाणी होतं असं नाही, पण तिथपर्यंतची खात्री कंपनीने तपासून दिलेली असते, पुढची कोणी देत नाही. आणि ती खात्रीसुद्धा सांगितलेल्या तापमानाखाली ठेवलं तरच.

पायरी २: तारीख लिहा, पण कुठे आणि कशी

बॉलपेनने लेबलवर लिहिलं तर फ्रिजच्या ओलीने आठवड्यात पुसतं. मायक्रोपोरची पांढरी पट्टी, जखमेवर लावतो ती, एक बोटभर कापा, परमनंट मार्करने लिहा आणि बाटलीवर चिकटवा, फक्त बॅच नंबर, छापलेली एक्सपायरी आणि इन्सुलिनचं नाव झाकू नका. दोन तारखा लिहायच्या: उघडली आणि टाकायची. नुसती उघडल्याची लिहिली की रोज मनात हिशोब करावा लागतो, तो कोणी करत नाही.

हिशोबात एक नेहमीची चूक म्हणजे ५ मार्चला उघडली तर ५ एप्रिलला टाकायची असं धरणं. ते ३१ दिवस झाले. सोपी युक्ती अशी की २८ दिवस म्हणजे बरोब्बर चार आठवडे, ज्या वारी उघडली त्याच वारी टाकायची. मंगळवारी उघडली तर कॅलेंडरवर त्याच रकान्यात चार घरं खाली या. ५ मार्चची येते २ एप्रिल. आमच्याकडे आई कॅलेंडरवरच त्या घरात एक बाटली काढते, कारण पट्टीवरची अक्षरं तिला चष्म्याशिवाय दिसत नाहीत.

पेन असेल तर पट्टी पेनच्या अंगावर लावा, टोपणावर नको. मामांकडे मामा आणि मामी दोघांनाही पेन आहे, दोघांनी टोपणावर तारीख लिहिली होती, एके दिवशी टोपणं बदलली आणि कोणाचं कधीचं तेच कळेना. आणि ज्या पेनमध्ये कार्ट्रिज बदलता येते त्यात तारीख पेनची नसते, आतल्या कार्ट्रिजची असते, नवीन कार्ट्रिज घातली की जुनी पट्टी सोलून नवीन लावायची.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, घड्याळ फक्त सुई टोचल्यावर सुरू होतं असं नाही. न उघडलेली बाटली फ्रिजबाहेर राहायला लागली, समजा लग्नाला गेलात आणि जादाची बाटली पाच दिवस बॅगेत होती, तर ती बाहेर काढली त्या दिवसापासूनच मोजायचं. घरी येऊन परत फ्रिजमध्ये टाकली म्हणून मोजणी शून्यावर येत नाही. तिच्यावरही पट्टी: बाहेर काढली अमुक तारखेला.

पायरी ३: आत की बाहेर

न उघडलेलं सगळं फ्रिजमध्ये, यात वाद नाही. भांडण उघडलेल्याचं आहे. कागदावर लिहिलेलं असतं की रूम टेंपरेचरला ठेवा, आणि लोक तिथेच वाचायचं थांबतात. पुढे आकडा असतो, २५ किंवा ३० डिग्रीखाली. आता तुम्हीच सांगा, अकोल्यात, नागपुरात, जळगावात एप्रिल-मे महिन्यात कुठल्या रूमचं टेंपरेचर ३० च्या खाली असतं? कुलर लावलेल्या खोलीतसुद्धा दुपारी ३३-३४ असतं. ते रूम टेंपरेचर आपल्या रूमचं नाहीच.

म्हणून बाटलीसाठी मी आता सरळ नियम केलाय: खोली ३० च्या वर जाते त्या दिवसांत उघडलेली बाटलीही फ्रिजमध्ये. टोचायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवायची म्हणजे गार लागत नाही, डोस भरला की परत आत. थंडीच्या दिवसांत पुण्यात बाहेर ठेवली तरी हरकत नाही, खिडकी, गॅस, टीव्ही आणि फ्रिजची वरची बाजू सोडून. पण फ्रिजमध्ये ठेवली म्हणून २८ चे ४० दिवस होत नाहीत हे लक्षात ठेवा, आत असो की बाहेर, उघडल्यानंतरची मुदत तीच.

पेनचं थोडं वेगळं आहे. काही पेनच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं की वापरातलं पेन फ्रिजमध्ये ठेवू नका, काहींना चालतं, तर आपला कागद बघा. एक गोष्ट सगळ्याच पेनना लागू आहे, सुई लावून ठेवायचं नाही. सुई लावलेली असली की गरम झाल्यावर आतलं इन्सुलिन गळतं आणि गार झाल्यावर हवा आत ओढली जाते, मग बुडबुडे येतात आणि डोस कमी जातो.

पेन फ्रिजमध्ये चालत नाही आणि घर तापलेलं आहे, किंवा फ्रिजच नाही, तर माठ. एक मोठं मातीचं भांडं, त्यात लहान भांडं, मधल्या जागेत वाळू, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची, वरून ओलं फडकं. इन्सुलिन झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या कोरड्या भांड्यात ठेवायचं, पाणी लागता कामा नये, लेबल आणि पट्टी निघून येते. सावलीत आणि वाऱ्यात ठेवा, पाणी वाळताना गारवा धरतं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हे मस्त चालतं, कोकणात किंवा मुंबईत दमट हवेत पाणी वाळतच नाही त्यामुळे फार फरक पडत नाही.

२०२१ मध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठाने केलेलं एक काम प्रसिद्ध झालं, केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतल्या घरांमध्ये जसं तापमान दिवसभरात २५ ते ३७ मध्ये वरखाली होतं तसंच प्रयोगशाळेत करून त्यांनी इन्सुलिन चार आठवडे ठेवलं, आणि त्याची ताकद टिकली. म्हणजे एक दुपार वीज गेली, बाटली ३४ डिग्रीत राहिली तर घाबरून फेकायची गरज नाही. पण ते चार आठवडे होते आणि वरची मर्यादा ३७ होती, आमच्या फ्रिजच्या डोक्यावर सहा आठवडे ठेवलेल्या बाटलीला ते लागू होत नाही.

पायरी ४: फ्रिजमधली जागा

उष्णतेने इन्सुलिन हळूहळू बिघडतं, गोठल्यावर एकदम. गोठून परत वितळलेलं इन्सुलिन दिसायला ठीक वाटलं तरी टाकून द्यायचं, त्यात दुसरा विचार नाही.

सिंगल डोअर फ्रिजमध्ये वर बर्फाचा कप्पा आणि त्याच्या लगेच खाली चिल ट्रे असतो, दुधाच्या पिशव्या ठेवतो तो, तिथे कधी कधी दुधात बर्फ होतो ना, मग इन्सुलिनचं काय होईल. डबल डोअरमध्ये मागच्या भिंतीच्या जाळीतून थंड हवा येते, तिला चिकटून ठेवू नका. मधला कप्पा, पुढची बाजू, बंद डब्यात, ही जागा बरी. दारात ठेवली तर दिवसातून पन्नास वेळा दार उघडतं, तापमान वरखाली होतं, पण चिल ट्रेपेक्षा दार परवडलं. खात्री करायची तर एक साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात उभा करून त्या जागी रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा, २ ते ८ मध्ये हवा.

मेडिकलमधून आणतानाही तेच. बर्फाच्या पॅकला बाटली थेट टेकली की रिक्षातच गोठू शकते, मध्ये जाडसर नॅपकिन किंवा चार पदरी वर्तमानपत्र घाला. विमानात हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात नाही.

पायरी ५: रोज एक नजर

पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं किंवा रंग आला तर टाका. दुधाळ वालं आधी दोन्ही तळव्यांत दहा वेळा हळू फिरवा, जोरात हलवू नका, मग सगळीकडे सारखं पांढरं दिसायला हवं. गुठळ्या तरंगतात, तळाशी चिकटलेला थर सुटत नाही, किंवा काचेला आतून दव गोठल्यासारखे पांढरे कण दिसतात, तर संपलं. पण हे सगळं ठीक असलं म्हणजे इन्सुलिन ठीक आहे असं मात्र नाही, आमची बाटली आठवा.

साखर तीन-चार दिवस विनाकारण चढी दिसायला लागली तर खाण्यावरून भांडायच्या आधी पट्टी वाचा. तारीख उलटली असेल किंवा बाटली तापली असेल तर नवीन उघडा आणि डॉक्टरांना फोन करून सांगा की जुनीवर डोस वाढवला होता का, किती वाढवला होता, म्हणजे ते नवीन बाटलीसाठी आकडा ठरवतील. स्वतःच्या मनाने ठरवू नका, आणि ते चार-पाच दिवस साखर जास्त वेळा तपासा, रात्री झोपताना नक्की.

उलट बाजूही सांगतो. रविवार आहे, बाटलीचा तिसावा दिवस आहे, मेडिकल बंद, म्हणून इन्सुलिन चुकवायचं नाही, विशेषतः टाईप १ वाल्यांनी तर अजिबात नाही. गोठलेली किंवा गुठळ्यांची नसेल तर तीच घ्या, साखर तपासत राहा, सोमवारी सकाळी नवीन.

कमी डोसवाल्यांचा हिशोब

तारीख पाळायला लागलो तशी आई चिडली, "अर्धी बाटली त बाकी हाये, कायले फेकतं?" अर्धी नव्हती, पण २८ दिवसांत ९ च्या हिशोबाने २५२ युनिट वापरले जातात आणि १४८ उरतात, तिचा जीव तुटणं बरोबरच होतं. ४० वाल्या बाटलीत दिवसाचा डोस साधारण १४ च्या खाली असेल तर प्रत्येक वेळी उरणारच.

आम्ही डॉक्टरांना हा आकडा दाखवला आणि त्यांनी पेनची कार्ट्रिज दिली. ती ३ मिलीची, दर मिलीला १०० युनिट, म्हणजे ३०० युनिट. पेनमध्ये प्रत्येक वेळी टोचायच्या आधी २ युनिट हवेत सोडून बघायचे असतात, दोन वेळचे ४, डोसचे ९, मिळून दिवसाला १३, म्हणजे कार्ट्रिज २३ दिवसांत संपते. तिच्या कार्ट्रिजच्या कागदावर २८ दिवस लिहिलेत ते आधी बघून घेतलं. आता फेकायला काही उरत नाही, भांडणही नाही. फक्त पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं इन्सुलिन त्या जुन्या लाल टोपीच्या ४० वाल्या सिरिंजने ओढू नका, त्यात अडीचपट डोस जातो. आईकडच्या उरलेल्या लाल टोपीच्या सिरिंजा मी त्याच दिवशी घरातून काढून टाकल्या.